लघुगुरूंची मोजणी आणि उच्चारातील आघात

वृत्तांचा पाठ चालू असताना फळ्यावर पुढील ओळ लिहिली आहे, असे समजावे :

तुझ्या अंगणी आज आले पुन्हा ते

ही ओळ केवळ सरावासाठी रचलेली आहे. काव्य म्हणून तिची योग्यता बेताचीच. लघू अक्षराची एक मात्रा व गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरून ओळीच्या एकूण मात्रा सांगा, असे शिक्षकांनी विचारले. एका विद्यार्थ्याने बावीस सांगितल्या. दुसऱ्याने वीस सांगितल्या. तिसरा म्हणाला की, ओळीत अक्षरेच अकरा आहेत आणि मात्रा एकोणीस होतात.

शिक्षकांनी पूर्वी वर्गास नियम दिला होता : जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू मानावे. या नियमाप्रमाणे 'तुझ्या'मधील 'तु' आणि 'पुन्हा'मधील 'पु' ही दोन्ही गुरू ठरतात व बावीस हे उत्तर बरोबर येते. दुसऱ्या विद्यार्थ्यास कारण विचारता तो एवढेच म्हणाला की, म्हणून पाहिले तेव्हा 'तु' आखूडच वाटला. त्याच्या वहीवर फुली पडली. वस्तुतः बरोबर उत्तर त्याचेच होते. ओळ भुजंगप्रयात वृत्तातील आहे. त्यात यगण चार वेळा येतो, प्रत्येक यगणात एक लघू व दोन गुरू म्हणजे पाच मात्रा असतात, आणि चार यगणांच्या वीसच मात्रा होतात. अशी एक फुली पडली की मूल पुढे कानावर विश्वास ठेवीनासे होते आणि डोळ्यांनी जोडाक्षरे हुडकीत बसते. यास्तव ही चूक कोठे होते, हे नीट पाहिले पाहिजे.

चूक अशी की, वर दिलेला नियम अर्धाच सांगितला गेला. पूर्ण नियम असा आहे : ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आले आणि त्या जोडाक्षराचा आघात मागील ऱ्हस्व अक्षरावर पडला, तरच ते मागील अक्षर गुरू होते. आघात पडला नाही तर ते लघूच राहते. 'आघात' हा शब्द घाईत गाळला जातो, कारण आघात म्हणजे काय हे पुस्तकात बहुधा सांगितलेले नसते. विद्यार्थ्यास न दिसणारी गोष्ट नियमातून वगळणे सोपे. पण सारा नियम तिच्यावरच उभा आहे.

आघात समजण्यासाठी प्रथम कागदावरचे अक्षर आणि तोंडातले अक्षर यांत भेद करावा लागतो. 'पुष्प' हा शब्द लिहिताना 'पु' आणि 'ष्प' अशी दोन अक्षरे लिहितात. परंतु तोच शब्द तोडून उच्चारून पाहिला तर तुटतो तो 'पुष्' आणि 'प' असा. 'पु' म्हणून थांबता येत नाही. जीभ 'ष्'पर्यंत जाते आणि तेथे पहिले अक्षर मिटते. ज्याच्या शेवटी स्वर मोकळा राहतो ते अक्षर उघडे, आणि ज्याच्या शेवटी व्यंजन येऊन दार लावते ते बंद, असे म्हणता येईल. उघडे आणि ऱ्हस्व अक्षर तेवढे हलके. ते उच्चारण्यास एक मात्रा पुरते. स्वर दीर्घ असला तर अक्षर जड होते, आणि स्वर ऱ्हस्व असूनही अक्षर बंद झाले तर तेही जड होते, कारण मिटणाऱ्या व्यंजनाला स्वतःचा वेळ लागतो. अनुस्वार आणि विसर्ग यांनी अक्षर गुरू होते तेही याच कारणाने. 'अंगणी'मधील 'अं' म्हणजे उच्चारात 'अङ्'च होय. 'दुःख' मराठी तोंडात 'दुख्ख' असा येतो. दीर्घ स्वर, अनुस्वार, विसर्ग, जोडाक्षर असे नियम सुटे सुटे पाठ करून घेतात. परंतु कान उघडा ठेवला तर ते दोनच राहतात : स्वर लांब आहे काय, आणि अक्षर बंद आहे काय?

आता 'तुझ्या' हा शब्द घ्यावा आणि त्याच्याशेजारी 'उद्या' हा शब्द ठेवावा. दोन्हींत पहिला स्वर ऱ्हस्व उ आहे, दोन्हींच्या शेवटी यकार जोडलेले दीर्घ आकारान्त अक्षर आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. आता शेतापलीकडच्या माणसास हाक देताना अक्षरे जशी सुटी करतात तशी या दोन शब्दांची करून पाहावी. 'उद्या'चे 'उद्... द्या' होते, 'द'चा उच्चार दोन वेळा होतो, एकदा मागचे अक्षर मिटताना आणि एकदा पुढचे उघडताना. 'तुझ्या'चे मात्र 'तु... झ्या' होते. 'तुझ्... झ्या' असे कोणी मराठी मनुष्य म्हणत नाही. 'झ्य' सबंध पुढच्या अक्षरात जातो, आणि 'तु' उघडाच राहतो. त्याहूनही बारकाईने ऐकले तर असे आढळते की, 'तुझा'मधील 'झ' दंत्य आहे, 'तुझ्या'मधील तालव्य आहे, आणि य त्या तालव्यपणातच विरून गेला आहे. म्हणजे लेखणीला जे जोडाक्षर दिसते ते जिभेला जवळजवळ एकच व्यंजन असते. 'पुन्हा'मधील 'न्ह' तसाच. मराठीत न्ह, म्ह, ल्ह, ऱ्ह हे ख किंवा घ यांच्यासारखे एकेरी महाप्राण उच्चार आहेत. त्यांना वेगळे चिन्ह नाही म्हणून ते जोडून लिहितात, इतकेच. म्हणून 'पुन्हा', 'तुम्ही', 'उन्हाळा', 'कुऱ्हाड' यांतील पहिली अक्षरे लघू.

आपल्या लिपीने या भेदाची एका ठिकाणी खूण ठेवलेली आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'दर्या'चा उच्चार 'दर्... या' असा तुटतो, पहिले अक्षर बंद व जड. म्हणून तेथे र रफाराच्या रूपाने वर जातो. 'दऱ्या'चा उच्चार 'द... ऱ्या' असा तुटतो, पहिले अक्षर उघडे व हलके. म्हणून तेथे र आडवा, पापणीच्या केसासारखा, पुढच्या अक्षरास जोडून लिहितात. 'सुऱ्या', 'पऱ्या', 'दुसऱ्या' यांत आडवा र आहे. 'पर्याय', 'कार्य', 'धैर्य' यांत रफार आहे. मुले हे दोन र लिहिताना नेहमी चुकतात, आणि शिक्षक ते केवळ शुद्धलेखनाचे अंग समजून दुरुस्त करतात. परंतु र कोणता लिहावा याचे उत्तर लघुगुरूंच्या मोजणीतच आहे : र मागच्या अक्षरास मिटवीत असेल तर रफार, पुढच्याशीच जाऊन बसत असेल तर आडवा. दीर्घ स्वरापुढे मोजणीत फरक पडत नाही, तरी तोड तीच असते. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'चा' दोन्हीकडे गुरूच, पण पहिल्यात 'चार्... यां' आणि दुसऱ्यात 'चा... ऱ्यां'.

रकाराला ही सोय आहे, इतर व्यंजनांना नाही. 'तो पुण्याला गेला' आणि 'पुण्याला मोल नसते' या दोन वाक्यांत 'पुण्याला' अगदी सारखे लिहितात. शहराच्या नावात तोड 'पु... ण्या... ला' अशी आहे. पुण्यकर्माच्या अर्थी ती 'पुण्... ण्या... ला' अशी आहे. पहिल्याच्या मात्रा पाच, दुसऱ्याच्या सहा. 'दिव्याला' हा शब्दही असाच. दिवा या शब्दाचे रूप असेल तर 'दि' लघू, दिव्य या शब्दाचे असेल तर गुरू. कागदाकडे पाहून हा निर्णय करताच येत नाही. वर्गात ही दोन वाक्ये मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत आणि फरक कोणास ऐकू येतो ते विचारावे. तो ऐकू आला म्हणजे आघात या शब्दाची व्याख्या पाठ करून घेण्याची गरज उरत नाही.

कान अजून तयार न झालेल्या विद्यार्थ्यास आधार म्हणून एक ठोकताळा देता येतो. जोडाक्षर शब्दाच्या मूळ अंगातच आहे काय, की प्रत्यय लागताना किंवा अनेकवचन होताना य नव्याने आला आहे, हे पाहावे. 'विद्या', 'सत्य', 'पुण्य', 'दिव्य', 'उद्या' यांत जोडाक्षर मुळातले आहे. तेथे आघात पडतो. 'तुझा'चे 'तुझ्या', 'नवा'चे 'नव्या', 'कळी'चे 'कळ्या', 'दरी'चे 'दऱ्या', 'पुणे'चे 'पुण्या' यांत य नंतर आलेला आहे. तेथे आघात पडत नाही. मात्र 'पत्ता' यासारख्या शब्दांत जोड आधीपासूनच आहे, म्हणून 'पत्त्याला' यातील पहिले अक्षर गुरूच राहते. ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो. अडले तेथे उच्चाराचाच निर्णय मानावा.

'आघात' हा शब्द येथे छंदःशास्त्रातील अर्थाने आला आहे. शब्दातील एखादे अक्षर इतरांपेक्षा जोराने उच्चारणे, यासही आघात म्हणतात. या दोन गोष्टींची वर्गात गल्लत होते, आणि शिक्षकांनाही कधी कधी तिची शंका पडते. इंग्रजीत शब्दातील जोरावर अर्थ अवलंबून असतो : 'रेकॉर्ड' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ते नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. मराठीत अशा जोड्या नाहीत. मराठी शब्दातील जोर सौम्य असतो, तो अर्थ बदलीत नाही, आणि बहुधा जड अक्षराकडे झुकतो. वेदपठणातील उदात्त, अनुदात्त व स्वरित हे तर स्वराचे चढउतार. त्यांचा लघुगुरूंशी प्रस्तुत संबंध नाही.

तथापि जोर आणि वजन यांचे नाते अगदी चोख असलेल्या भाषाही आहेत, आणि त्यांपैकी प्राचीन रोमन लोकांची लॅटिन ही फार सुबोध आहे. लॅटिन शब्दात जोर कोठे द्यावा, हे गणित करून सांगता येते. शेवटचे अक्षर सोडून द्यावे आणि त्याच्या आधीचे, म्हणजे उपान्त्य अक्षर पाहावे. ते गुरू असेल तर जोर त्यावरच. लघू असेल तर जोर आणखी एक अक्षर मागे सरतो. 'अमीकुस' म्हणजे मित्र. येथे 'मी' दीर्घ, म्हणून जोर 'मी'वर. 'दोमिनुस' म्हणजे धनी. येथे 'मि' ऱ्हस्व व उघडे, म्हणून जोर मागे सरून 'दो'वर गेला. 'मगिस्तेर' म्हणजे अध्यापक. येथे 'गि'चा स्वर ऱ्हस्व असला तरी 'गिस्... तेर' अशी तोड होऊन अक्षर बंद झाले, म्हणून ते गुरू आणि जोर तेथेच. इंग्रजीतील 'मास्टर' हा शब्द याच 'मगिस्तेर'पासून आलेला आहे. विशेष हे की, आपल्या 'तुझ्या'सारखा अपवाद लॅटिनमध्येही आढळतो. 'तेनेब्राइ' म्हणजे काळोख. त्यात 'ने'पुढे 'ब्र' हे जोडाक्षर आहे, पण ते सबंध शेवटच्या अक्षरात जाते, 'ने' उघडे व लघू राहते, आणि जोर 'ते'वर पडतो. तेव्हा काही जोडाक्षरे मागच्या अक्षरास मिटवितात आणि काही मिटवीत नाहीत, ही मराठीचीच एक खोड आहे असे नव्हे.

आता तिसऱ्या विद्यार्थ्याकडे वळू या. त्याने ओळीत अकरा अक्षरे मोजली, याचे कारण त्याने 'आज' हे 'आज्' असे ऐकले. त्याचे ऐकणे खोटे नाही. मराठी बोलण्यात शब्दाच्या शेवटी येणारा अ बहुधा उच्चारीत नाहीत. 'घर' आपण 'घर्' म्हणतो, 'आज' आपण 'आज्' म्हणतो. बोलण्याच्या हिशेबाने 'घर' हे एकच बंद अक्षर आहे. परंतु वृत्तात हा गप्प बसलेला अ जागा होतो आणि पूर्ण लघू म्हणून मोजला जातो : 'घर' म्हणजे दोन लघू, 'आज' म्हणजे एक गुरू व एक लघू. त्यामुळे ओळ चालीवर म्हणताना 'आज'मधील 'ज' हलकेच पण स्वरासह उच्चारावा लागतो. न उच्चारला तर ओळ तेथे ठेचकाळते. या विद्यार्थ्यास चूक म्हणण्याऐवजी बोलण्याची तोड आणि वृत्ताची तोड येथे वेगळी होते, एवढे सांगावे. जोडाक्षराबाबत वृत्त उच्चाराचे ऐकते, अन्त्य अकाराबाबत लेखनाचे ऐकते. ही विसंगती आहे खरी, आणि ती मान्य करून पुढे जावे हे बरे.

हा गप्प अ आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. 'फूल' दीर्घ आणि 'फुलाला' ऱ्हस्व, 'वीट' दीर्घ आणि 'विटा' ऱ्हस्व, 'गरीब' दीर्घ आणि 'गरिबाला' ऱ्हस्व असे का, हा प्रश्न मुले विचारतात. 1962 मध्ये मान्य झालेल्या लेखनविषयक नियमांत मराठी अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत, असे सांगितले आहे. कारण मात्र नियमात शोधू नये, ते तोंडात आहे. 'फूल' बोलताना 'फूल्' हे एकच अक्षर होते, शब्दाचा सारा भार त्या एका अक्षरावर पडतो आणि स्वर लांबतो. 'ला' लागून 'फुलाला' झाले की 'ल'मधील अ नाहीसा होऊन तेथे आ येतो, अक्षरे तीन होतात, भार पुढच्या दोन जड अक्षरांवर सरकतो आणि 'फु' उघडे व हलके राहते. येथे एक सावधगिरी हवी. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले 'गुण', 'विष', 'तरुण', 'मंदिर' हे शब्दही मराठी तोंडात उपान्त्य स्वर लांबवूनच येतात, परंतु ते ऱ्हस्वच लिहितात. उलट 'गीत' आणि 'सूत्र' यांचा दीर्घ स्वर प्रत्यय लागूनही दीर्घच राहतो : 'गीताला', 'सूत्राला'. वृत्तात 'गुण' म्हणजे दोन लघूच. एवढ्या शब्दांपुरते कानाला बाजूस ठेवून शब्दाचे मूळ पाहावे लागते.

मोजणीचा सराव कसा घ्यावा, हे एका ओळीवरून दाखविता येईल. आधीच्या ओळीत आघात न पडणारी जोडाक्षरे होती. आता पडणारे जोडाक्षर असलेली ओळ घ्यावी :

घराहून उद्या पहाटे निघावे

ओळ प्रथम दोन वेळा संथपणे म्हणवून घ्यावी; वहीत काहीही लिहू देऊ नये. नंतर ओळ अक्षराअक्षराने सुटी लिहावी आणि प्रत्येक अक्षराखाली लघूसाठी 'ल' व गुरूसाठी 'गा' लिहावे. ल, गा या खुणा तोंडाने म्हणता येतात, आणि 'ल'ला लागणारा वेळ 'गा'च्या निम्मा असल्याने खूण म्हणताच चाल कळते. 'घ' ऱ्हस्व व उघडे, ल. 'रा' दीर्घ, गा. 'हू' दीर्घ, गा. 'न' हा बोलण्यात गप्प होणारा अकार, येथे मोजावयाचा, ल. 'उ' ऱ्हस्व आहे, पण पुढील 'द्य'मधील द् त्यास मिटवितो, म्हणून गा. 'द्या' दीर्घ, गा. पुढे 'पहाटे' म्हणजे ल गा गा, आणि 'निघावे' म्हणजे पुन्हा ल गा गा. आता तीन तीन अक्षरांनंतर रेघ ओढावी : घराहू, नउद्या, पहाटे, निघावे. चारही गट ल गा गा असे आले. 'यमाताराजभानसलगम्' या सूत्रातील पहिली तीन अक्षरे 'यमाता' तशीच आहेत, म्हणून हा यगण. असे चार यगण व बारा अक्षरे, म्हणून वृत्त भुजंगप्रयात. गणाची रेघ शब्दाच्या मधून जाते, 'घराहून' तुटतो, याचे मुलांस नवल वाटते. गण शब्दांचे नसतात, अक्षरांचे असतात, हे तेथेच दाखवावे.

मोजणी चुकली की ती कोठे चुकली हे बेरजेवरूनच ओळखता येते. पहिल्या ओळीत बावीस आल्या तर विद्यार्थ्याने सगळीच जोडाक्षरे आघाताची मानली. दुसऱ्या ओळीत एकोणीस आल्या तर त्याने 'उद्या'तील आघात सोडला. अक्षरेच अकरा भरली तर अन्त्य अ गिळला. म्हणून दोन्ही ओळी एकाच दिवशी द्याव्यात. केवळ पहिली दिली तर मुले असा समज करून घेतात की जोडाक्षराकडे लक्ष देण्याचे कारणच नाही, आणि केवळ दुसरी दिली तर जुनी अर्धवट समजूत घट्ट होते.

ओळींपूर्वी सुटे शब्द द्यावयाचे असतील तर पुढील शब्द पुरेसे आहेत. उत्तरे शिक्षकांच्या सोयीसाठी सोबत दिली आहेत. विद्या : गा गा. नव्या : ल गा. सत्याला : गा गा गा. कुऱ्हाड : ल गा ल. दुसऱ्या : ल ल गा. अंगठी : गा ल गा. दुःख : गा ल. उन्हाळा : ल गा गा. दर्या : गा गा. दऱ्या : ल गा. शेवटी 'पुण्याला' हा शब्द वाक्याशिवाय द्यावा आणि उत्तर मागावे. कोणत्या अर्थाने, असे जो विद्यार्थी उलट विचारील त्यास विषय समजला आहे.

ओवी आणि अभंग यांना ही मोजणी लावू नये. त्यांत अक्षरांची संख्या पाहतात, लघुगुरूंचा क्रम पाहत नाहीत, आणि ते बहुतांशी चालीवर सोडलेले असते. श्लोकांची अक्षरगणवृत्ते आणि आर्येसारख्या मात्रांच्या रचना यांच्यापुरतीच ती आहे. तेथेही चरणाचे शेवटचे अक्षर लघू असले तरी वृत्तास गुरू हवा असेल तर गुरू मानतात, कारण ओळ संपताना आवाज आपोआप रेंगाळतो. जुन्या कवींनी वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ व दीर्घाचे ऱ्हस्व पुष्कळ ठिकाणी केले आहे. क्रमिक पुस्तकातील श्लोकात असे रूप आले तर ते जसे छापले आहे तसेच मोजावे, आणि गद्यात तो शब्द कसा लिहितात ते फळ्याच्या कडेला लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शुद्धलेखनात तो घोटाळा उतरणार नाही.